जुन्या फोनातल्या पट्ट्या

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आडत्याचा बराच व्यवहार आता व्हॉट्सअ‍ॅपवर असतो. शेतकऱ्याला पाठवलेल्या पट्टीचा फोटो, पहाटेचा भाव, गाडी कुठवर आली, पैसे कधी टाकले, सगळं तिथंच. म्हणून फोन बदलायचा म्हटलं की गाळ्यावर पहिली काळजी या जुन्या चॅटची.

ही काळजी व्हॉट्सअ‍ॅपच्या जन्मापासूनची आहे. निरोप पोचला की कंपनी तो आपल्या सर्व्हरवर ठेवत नाही. तो उरतो फोनातच. अँड्रॉइडवर पहाटे दोन वाजता फोनच्या `Databases` फोल्डरमध्ये त्याची एक नक्कल तयार होते. सुरुवातीला जाणकार पोरं हीच फाइल केबलने उचलून नव्या फोनात टाकायची. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये गूगल ड्राइव्हवर बॅकअप ठेवायची सोय झाली आणि अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणं सोपं झालं.

आयफोन घेणारा मात्र अडायचा. अँड्रॉइडचा बॅकअप गूगलकडे, आयफोनचा आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. आधी वाट उघडली ती उलट्या दिशेने. 2021 च्या ऑगस्टमध्ये आयफोनमधून सॅमसंगमध्ये चॅट नेण्याची सोय जाहीर झाली, तीही केबल जोडून. अँड्रॉइडवरून आयफोनवर यायला जून 2022 उजाडला. तेव्हाच्या अटी कडक होत्या: अ‍ॅपलचं ‘Move to iOS’ अ‍ॅप हवं, आयफोन कोरा किंवा रीसेट केलेला हवा, आणि दोन्ही फोनांवर नंबर एकच हवा.

ही शेवटची अट फार महत्त्वाची. समजा, एखाद्या आडत्याला फोनही बदलायचाय आणि नंबरही. तो उत्साहात नवं सिम आयफोनात घालतो, नव्या नंबराने व्हॉट्सअ‍ॅप सुरू करतो, आणि समोर रिकामी यादी. चॅट कुठं गेलेलं नसतं. ते जुन्या नंबराच्या खात्यात, जुन्या फोनात असतं. चुकला तो फक्त क्रम. आधी नंबर बदलायचा, तोही जुन्याच फोनवर: सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात ‘Change number’. नव्या नंबरावर येणारा कोड टाकला की चॅट जागेवर राहतं आणि ग्रुपमध्येही नवा नंबर दिसू लागतो. खरेदीदारांना आणि शेतकऱ्यांना कळवायचा पर्याय तिथंच मिळतो. तो जरूर निवडावा. मग याच नव्या नंबराने चॅट नव्या फोनवर न्यायचं. खतावणीत नाव बदलल्यावरच बाकी पुढच्या वहीत ओढतात, तसंच हे.

जुन्या फोनातलं चॅट आपण पुसेपर्यंत तिथंच राहतं. म्हणून तो लगेच विकू नका. नव्या फोनवर वर्षभरापूर्वीच्या एखाद्या पट्टीचा फोटो उघडून बघा. तो स्पष्ट दिसला, तरच जुना फोन रीसेट करा.