कॅप्शनमधील शोधशब्द

ग्राहक शोधपट्टीत जे शब्द टाइप करतो, तेच फोटोखालच्या मजकुरात वाक्याच्या ओघात आणण्याची पद्धत. शोधात सापडायचे असेल, तर नेमके शब्द आणि ठिकाण कमेंटमध्ये न टाकता कॅप्शनमध्येच लिहावे, असे इन्स्टाग्रामने २०२१ साली स्पष्ट केले. जुलै २०२५ पासून व्यावसायिक खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गूगलवरही दिसू शकतात. त्यामुळे कॅप्शनमधले शब्द आता ॲपबाहेरही उपयोगी पडतात.

उदाहरणादाखल नरडाण्यात घरी बिबड्या करून विकणारे एक कुटुंब घेऊ. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातले, सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या वाळल्या, फोटो काढला आणि खाली लिहिले : ‘बिबडी नरडाणा, बिबडी धुळे, बिबडी शिरपूर, बिबडी दोंडाईचा, बेस्ट बिबडी’. ही झाली शब्दांची खोगीरभरती. गावांच्या नावांची अशी रांग गूगलच्या नियमांत स्पॅम धरली जाते. शिवाय इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या साधारण पहिल्या सव्वाशे अक्षरांनंतर मजकूर दुमडला जातो. ती जागा गावांनीच अडवली, तर बिबडी कशाची आणि कुठे मिळेल, हे ग्राहकाला कळतच नाही.

तोच मजकूर असा लिहिता येतो : ‘ज्वारीची बिबडी, घरी केलेली. नरडाणा रेल्वे स्टेशनजवळ मिळेल. अर्धा किलोपासून ऑर्डर घेतो. धुळे आणि शिरपूरला पार्सल पाठवतो.’ यात पदार्थ, धान्य आणि तीन गावे एकेकदाच आली आहेत आणि प्रत्येक गाव काहीतरी सांगते : दोन ठिकाणी माल पोचतो, एका ठिकाणी तो मिळतो. दोंडाईचाला पार्सल जात नसेल, तर त्याचे नाव गाळलेलेच बरे.

मराठीत एक अडचण खास आहे. ‘नरडाण्यात’, ‘बिबड्यांची’ अशी रूपे बदलतात, पण ग्राहक बहुधा ‘नरडाणा बिबडी’ असेच टाइप करतो. यंत्राला ही रूपे एकच वाटतील, याची खात्री नसते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचे मूळ रूप एकदा तरी यावे. ‘नरडाण्यात मिळेल’ ऐवजी ‘नरडाणा स्टेशनजवळ मिळेल’ लिहिले की काम भागते. अनेक जण रोमन अक्षरांत `bibdi nardana` असे शोधतात. ते रूप प्रत्येक कॅप्शनमध्ये कोंबण्यापेक्षा प्रोफाइलच्या नावात एकदाच ठेवावे, कारण शोधात तेही पाहिले जाते.

परिणाम तपासताना स्वतःच्या फोनवर विसंबू नये. शोधाचे निकाल माणसागणिक बदलतात आणि स्वतःच्याच पोस्ट स्वतःला आधी दिसू शकतात. धुळ्यातल्या एखाद्या नातेवाइकाला, त्या खात्याशी कधी संबंध न आलेल्या फोनवर, तेच शब्द शोधायला सांगावे. खाते खाजगी असेल, तर कॅप्शन कितीही नेमके असले तरी अनोळखी ग्राहकाला ते दिसत नाही. व्हॉट्सॲप स्टेटसवरचा मजकूरही अशा शोधात येत नाही.