एक नाव, दोन पट्टे

तात्यापारा ही रायपुरातली जुनी मराठी वस्ती. अशा दाटीवाटीच्या भागात मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांच्या राऊटरांची रांगच दिसते. आपल्या घरचं नाव मात्र एकच दिसतं, आणि त्यामागे दोन पट्टे असतात. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती ओलांडून लांब जातो, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत: 1, 6 आणि 11. सगळी आळी त्यांतच कोंबलेली. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि वेगवान आहे, पण विटांच्या भिंतीशी लवकर दमतो.

या दोन्ही पट्ट्यांसाठीची वाय-फाय मानकं 1999 मध्येच आली. दोन्हींवर चालणारं 802.11n हे मानक 2009 चं. सुरुवातीच्या अशा राऊटरांवर बहुधा दोन वेगळी नावं दिसत आणि कुठे जोडायचं ते आपण ठरवत असू. अडचण मोठ्या कार्यालयांत आली. तिथले बरेच लॅपटॉप जोरदार सिग्नल पाहून 2.4 वरच गर्दी करत. म्हणून एक युक्ती निघाली: नाव एकच ठेवायचं आणि 2.4 वर कोणी हाक मारली तर राऊटरने थोडा वेळ गप्प बसायचं. उत्तर मिळालं नाही की उपकरण 5 कडे वळे. 2011 च्या 802.11v मध्ये तर ‘तिकडे जा’ अशी रीतसर विनंती करण्याची सोय झाली. घरगुती राऊटरांत हीच सोय Smart Connect अशा नावांनी आली.

पण विनंती ही विनंतीच. शेवटी पट्टा निवडतं ते उपकरण. समजा, टीव्ही आतल्या खोलीत आहे. तिथे 5 चा सिग्नल अशक्त दिसला की राऊटर स्वतःच त्याला 2.4 कडे जायला सुचवू शकतो. वीज जाऊन आली की आणखी एक गोष्ट घडते. 5 मधल्या काही चॅनेलवर रडार नाही ना, हे राऊटरला किमान एक मिनिट ऐकून पाहावं लागतं. तेवढ्यात 2.4 सुरू झालेला असतो, टीव्ही त्याला चिकटतो आणि पुष्कळदा तिथेच राहतो. रात्री शेजारीपाजारी वाय-फाय वापरू लागले की चित्र अडखळतं. त्याच खोलीत 5 वर असलेला मोबाइल मात्र सुरळीत चालतो. दोष ओळखायची खूण हीच.

आधी टीव्हीला 5 चा पट्टा दिसतो का, ते पाहा. स्वस्त टीव्हींमध्ये तो नसतोही. असेल तर राऊटरमधलं एकत्रीकरण बंद करा, 5 ला वेगळं नाव द्या, त्याचा चॅनेल 36 ते 48 मध्ये ठेवा आणि टीव्हीतून जुनं नाव पुसून टाका. मध्ये दोन जाड भिंती असतील तर मात्र सरळ केबल ओढा.