पंचकोनी फरशी

देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांच्या संख्यांची ओळख मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरातून जगाला करून दिली. जुलैमध्ये त्याच सदराचा विषय होता, एकाच मापाच्या बहिर्वक्र बहुभुजांची फरशी.

आपण पुठ्ठ्याचे सुसम पंचकोन कापू. एका शिरोबिंदूतून कर्ण काढले की तीन त्रिकोण होतात. म्हणून कोनांची बेरीज ५४०° आणि प्रत्येक कोन १०८°. एका बिंदूभोवती तीन पंचकोन ठेवले की ३६° ची फट उरते. चौथा त्यात मावत नाही.

आता चौरसावर काटकोनी छप्पर असलेले ‘घर’ कापा. बेरीज तीच, पण खांद्याचे कोन १३५°. घरांची रांग लावा; दोन छपरांमधील खाचेत उलटे घर नेमके बसते, कारण १३५ + १३५ + ९० = ३६०.

असे पंचकोन किती प्रकारचे? केर्शनर यांनी १९६८ मध्ये आठच सांगितले होते. गार्डनर यांचा लेख वाचून रिचर्ड जेम्स यांनी नववा शोधला. त्यानंतर शालेय गणितापुरतेच शिक्षण असलेल्या गृहिणी मार्जोरी राइस यांनी १९७७ पर्यंत आणखी चार शोधले, तेही स्वतः बनवलेल्या चिन्हांनी! प्रकार पंधराच, ही सिद्धता मिकाएल राव यांनी २०१७ मध्ये संगणकाच्या साहाय्याने मांडली.