सुप्त थायरॉइड न्यूनता
रक्तातील टीएसएच वाढलेले, पण मुक्त टी४ सामान्य असण्याची अवस्था. थायरॉइड मंदावू लागली की पीयूषिका (पहा : पोष ग्रंथी) टीएसएच वाढवून तिच्याकडून पुरेसे संप्रेरक करून घेते. प्रमुख कारण हाशिमोटो दाह (पहा : आत्मप्रतिकार रोग). २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोव्यासह आठ शहरांतील पाहणीत सुमारे ८ टक्के प्रौढांत ही अवस्था आढळली.

बहुतेकांना लक्षणे नसतात. थकवा किंवा वजनवाढ असली, तरी ती यामुळेच आहे असे गृहीत धरता येत नाही. आजारपणानंतर टीएसएच तात्पुरते वाढते, म्हणून एकाच अहवालावर गोळी सुरू करणे घाईचे ठरते. उदाहरणार्थ, पनवेलमधील ४५ वर्षांच्या, गर्भवती नसलेल्या स्त्रीचे टीएसएच ६.८ आले, तर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच व मुक्त टी४ पुन्हा तपासून सोबत टीपीओ प्रतिपिंडे पाहतात. टीएसएच सामान्य झाल्यास उपचार लागत नाही. ते तेवढेच राहिले व प्रतिपिंडे आढळली, तर पूर्ण न्यूनतेचा संभव वाढतो. तेव्हा सहा ते बारा महिन्यांनी तपासणी करतात किंवा ठळक लक्षणे असल्यास काही महिने लेव्होथायरॉक्सिन देऊन पाहतात व फरक न पडल्यास थांबवतात.

टीएसएच पुन्हा १० किंवा अधिक आल्यास उपचाराचा विचार सामान्यतः योग्य असतो. वयानुसार टीएसएच स्वभावतःच वाढते. ६५ वर्षांवरील रुग्णांच्या २०१७ च्या ‘ट्रस्ट’ चाचणीत गोळीने लक्षणे कमी झाली नाहीत. जादा मात्रेने मात्र हृदयाची लय बिघडते व हाडे विरळ होतात. गर्भारपणाचे निकष वेगळे आहेत (पहा : गर्भावस्था).