शेतीचे उत्पन्न करमुक्त, तरी दरासाठी हिशेबात

शेती उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार राज्यांचा असल्याने केंद्राच्या प्राप्तिकरातून ते मुक्त आहे. मात्र निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक आणि इतर करपात्र उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपलीकडे असेल, तर इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते धरले जाते.

समजा, जुन्या करप्रणालीत राहिलेल्या, साठीच्या आतील फोंड्याच्या बागायतदाराला सुपारीतून खर्च वजा जाता ३ लाख आणि वजावटींनंतर पगाराचे ६ लाख रुपये मिळाले. एकत्रित ९ लाखांवर कर ९२,५०० रुपये होतो. त्यातून शेतीचे ३ लाख व करमुक्त अडीच लाख, अशा साडेपाच लाखांवरील २२,५०० रुपये वजा करायचे. उरलेले ७०,००० रुपये आणि त्यावर ४ टक्के उपकर, एवढा कर भरायचा. केवळ पगारावर हाच कर उपकराविना ३२,५०० रुपये झाला असता. सुपारीने ५ टक्क्यांचा टप्पा आधीच व्यापल्यामुळे पगाराचे करपात्र साडेतीन लाख संपूर्णपणे २० टक्क्यांच्या टप्प्यात गेले.

अनेकांची चूक विवरणपत्रातच होते. शेती उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यास आयटीआर-१ चालत नाही. अशा पगारदाराला आयटीआर-२ भरावे लागते.