स्टिरिओ स्पीकरची मांडणी

दोन स्पीकर आणि ऐकणारा यांच्यात समभुज त्रिकोण साधला, की गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरच्या मधोमध, रिकाम्या जागेतून आल्यासारखा वाटतो. धुळ्यातल्या दहा बाय बारा फुटांच्या, उघड्या फरशीच्या दिवाणखान्यात स्पीकर सहा फुटांच्या अंतरावर ठेवावेत आणि खुर्चीही दोन्हींपासून सहा फुटांवर. खुर्ची फूटभर उजवीकडे सरकली, तर उजव्या स्पीकरचा आवाज मिलिसेकंदाच्या सुमारे नऊ-दशांश आधी पोचतो. एवढ्यानेच गायक जवळपास उजव्या पेटीत जाऊन बसतो. म्हणून सोफ्यावर खरे ऐकणे एकाचेच, बाकीच्यांनी गोड मानून घ्यायचे.

स्पीकरची तोंडे थेट कानांकडे वळवली, तर तो कोन तीस अंशांचा होतो. आधी वीस अंश वळवून ऐकावे. मधला आवाज पसरट, धूसर वाटला तर थोडे आणखी वळवावे; तार स्वर टोचू लागले तर मागे घ्यावे. जास्त वळवल्याने बाजूच्या भिंतीवर उसळणारा आवाजही कमी होतो. पेटी कोपऱ्यात कोंबली, की तबल्याचा डग्गा घुमतो.

पारखायला बालगंधर्वांची जुनी, एकाच वाहिनीची ध्वनिमुद्रिका पुरते: आवाज काटेकोर मधोमध आला पाहिजे. एका बाजूला झुकला, तर टेपने अंतरे मोजावीत; मधोमध न ठरता विखुरला, तर तारांच्या अधिक-उणे जोडण्या तपासाव्यात. एका पेटीची तार उलट जोडली असेल, तर आवाज झुकत नाही. तो कुठूनच येत नाही असे वाटते.