परदेशी विद्यापीठ शुल्काचे वायर ट्रान्सफर

परदेशी विद्यापीठ शुल्काचे वायर ट्रान्सफर म्हणजे भारतात राहणाऱ्या विद्यार्थ्याने अथवा त्याच्या पालकाने आपल्या खात्यातील रुपये परकीय चलनात बदलून ते बँकेमार्फत परदेशातील विद्यापीठाच्या खात्यात थेट जमा करणे. या व्यवहारात शुल्काखेरीज तीन रकमांचा संबंध येतो : विनिमय दरातील फरक, मध्यस्थ बँकांचे शुल्क आणि उगमस्थानी संकलित कर म्हणजेच टीसीएस. पालक बहुधा टीसीएसनेच धास्तावतात. वास्तविक तो परत मिळू शकणारा आगाऊ कर आहे. सर्वांत मोठा खर्च पुष्कळदा दरातील फरकाचा असतो आणि तो पावतीवर वेगळा दिसत नाही. मध्यस्थ बँकेचे शुल्क रकमेने किरकोळ असले, तरी त्यापायी विद्यार्थ्याच्या नावावर थकबाकी राहू शकते.

नियम व कागदपत्रे

असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) पाठविले जातात. ही योजना २००४ साली सुरू झाली. सध्या तिच्याखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. बँकेत ए-२ अर्ज, पॅन, प्रवेशपत्र आणि विद्यापीठाचे शुल्कपत्रक द्यावे लागते. अर्जात व्यवहाराचा हेतू सांकेतिक क्रमांकाने नोंदवितात. परदेशी जाऊन शिकणाऱ्याचे शुल्क व वसतिगृह खर्च यांसाठी `S0305` हा क्रमांक आहे. तो काळजीपूर्वक पाहणे आवश्यक असते, कारण तीच रक्कम नातेवाइकाच्या चरितार्थासाठी म्हणून `S1301` खाली नोंदली गेली, तर टीसीएसचा दर पूर्णपणे बदलतो.

विनिमय दरातील फरक

बँका आपसांत ज्या दराने डॉलर घेतात-देतात, त्या दराने ग्राहकाला डॉलर मिळत नाही. बँक त्यावर आपला नफा चढवून ‘टीटी सेलिंग’ दर सांगते. एक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका विद्यार्थिनीचे अमेरिकेतील एका सत्राचे शुल्क २०,००० डॉलर आहे आणि तिचे वडील २०२५-२६ या आर्थिक वर्षात ते भरत आहेत. त्या दिवशीचा बाजारातील दर ८८ रुपये आणि बँकेचा दर ८९.५० रुपये धरला, तर डॉलरमागे दीड रुपया, म्हणजे एकूण ३०,००० रुपये या फरकात जातात. पावतीवर मात्र ‘बँक कमिशन १,००० रुपये’ एवढेच छापलेले असते, आणि व्यवहार स्वस्तात झाला असा समज होतो.

फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था कामकाजाच्या प्रत्येक दिवशी डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. बँकेने सांगितलेला दर त्याच्याशी ताडून पाहावा. दर दिवसभर हलत असल्याने तुलना त्याच दिवशीची, शक्यतो त्याच वेळेची असावी. मोठ्या रकमेसाठी शाखेत दर कमी करून मागता येतो. वरील उदाहरणात बँकेने ८८.५० रुपये दर मान्य केला, तर २०,००० रुपये वाचतात. कमिशन माफ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी अधिक लाभाचे आहे.

मध्यस्थ बँकांचे शुल्क

भारतीय बँकेचे डॉलर प्रत्यक्षात तिने अमेरिकेतील एखाद्या बँकेत उघडलेल्या खात्यात असतात. या खात्याला नोस्ट्रो खाते म्हणतात. स्विफ्ट या संदेशजालावरून सूचना जाते आणि रक्कम त्या खात्यातून निघून, कधी आणखी एका बँकेतून, विद्यापीठाच्या बँकेत पोहोचते. वाटेतील बँक आपले शुल्क याच रकमेतून कापून घेऊ शकते. ते कोणी सोसायचे, हे अर्जातील एका खुणेने ठरते. `OUR` म्हणजे सर्व शुल्क पाठविणाऱ्याचे, `BEN` म्हणजे सर्व शुल्क घेणाऱ्याचे, आणि `SHA` म्हणजे आपल्या बँकेचे आपण भरायचे व पुढचे रकमेतून जायचे.

उदाहरणातील वडिलांनी `SHA` निवडले आणि वाटेत २५ डॉलर कापले गेले, तर विद्यापीठाच्या खात्यावर १९,९७५ डॉलर जमा होतात. विद्यापीठाच्या संगणकाला ही २५ डॉलरची थकबाकी दिसते. काही विद्यापीठे तेवढ्यासाठीही विलंब शुल्क लावतात अथवा पुढील नोंदणी रोखून धरतात. आणि ते २५ डॉलर पुन्हा पाठवायचे, तर त्याहून अधिक खर्च येतो. म्हणून शुल्क भरताना `OUR` निवडणे इष्ट. तरीही विद्यापीठाची स्वतःची बँक आवक रकमेवर शुल्क घेत असेल, तर ते `OUR` मध्ये दर वेळी भागत नाही. विद्यापीठाच्या लेखा कार्यालयाला आधी विचारून घेणे बरे.

संदेशाच्या तपशिलात विद्यार्थी क्रमांक न लिहिल्यास रक्कम पूर्ण पोहोचूनही विद्यार्थ्याच्या नावे जमा होत नाही. अशा वेळी बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत आणि ३६ अक्षरांचा `UETR` हा माग-क्रमांक घ्यावा. रक्कम कोठे आहे आणि कोणत्या बँकेने किती कापले, याचा शोध त्यावरून घेता येतो.

उगमस्थानी संकलित कर

एलआरएसखालील रकमांवर टीसीएस १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. प्रारंभी वर्षाला सात लाख रुपयांपर्यंत सूट होती. १ एप्रिल २०२५ पासून ती दहा लाख झाली. २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी दहा लाखांवरील रकमेवर ५ टक्के, तर चरितार्थासारख्या अन्य हेतूंसाठी २० टक्के दर होता. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून भरलेल्या शुल्कावर टीसीएस नव्हता; नातेवाइकांकडून घेतलेल्या उसनवारीला ही सवलत नाही. २०२६ च्या अर्थसंकल्पात शिक्षणासाठीचा दर २ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला.

८९.५० रुपये दराने उदाहरणातील शुल्क १७,९०,००० रुपये होते. दहा लाखांवरील ७,९०,००० रुपयांवर ५ टक्के, म्हणजे ३९,५०० रुपये टीसीएस. चलन बदलण्याच्या सेवेवरील जीएसटी १,१३२ रुपये, आणि कमिशन त्यावरील जीएसटीसह १,१८० रुपये. खात्यात किमान १८,३१,८१२ रुपये हवेत. केवळ शुल्काएवढी शिल्लक ठेवल्यास व्यवहार अडतो आणि अंतिम तारीख हुकते.

सूट प्रत्येक व्यवहाराला नसून पाठविणाऱ्याच्या पॅनवर, सर्व बँका मिळून, वर्षाला एकदाच असते. ऑगस्टचे आणि जानेवारीचे सत्र एकाच आर्थिक वर्षात येते. त्यामुळे त्याच वडिलांनी जानेवारीत तेवढीच रक्कम पाठविली, तर संपूर्ण १७,९०,००० रुपयांवर, म्हणजे ८९,५०० रुपये टीसीएस लागतो. आईने स्वतःच्या पैशांतून स्वतःच्या पॅनवर ते सत्र भरल्यास तिची दहा लाखांची सूट स्वतंत्र मिळते.

कापलेला टीसीएस पाठविणाऱ्याच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसतो आणि विवरणपत्र भरताना एकूण करातून वजा होतो. जास्त असल्यास परतावा मिळतो. नोकरदाराला तो मालकाला कळवून पगारातील करकपात कमी करून घेता येते. व्हिसा नाकारल्यामुळे विद्यापीठाने शुल्क परत केले, तरी टीसीएस बँक परत देत नाही. तोही विवरणपत्रातूनच मागावा लागतो. परत आलेले डॉलर मात्र बँक आपल्या खरेदीच्या, म्हणजे कमी दराने रुपयांत बदलते, त्यामुळे दरातील फरक दुसऱ्यांदा सोसावा लागतो.